नाईटच्या सलग नोट्समधून एसबारची ओव्हर शीट कशी भरायची?

प्रश्न: आमच्या सर्जिकल वॉर्डात ओव्हर आता एसबार शीटवर द्यायला सांगितलंय. मी नाईटला वेळ टाकून सलग नोट्स लिहिते. सकाळी त्यातलं काय कुठल्या रकान्यात टाकायचं ते कळत नाही, आणि सगळंच उतरवून काढलं तर शीट केस पेपरएवढी होते. कसं करता तुम्ही?

उत्तर:

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. एसबार ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि कोलोरॅडोतल्या कैसर परमनन्टेच्या लोकांनी ती हॉस्पिटलात रुजवली. तिचा साचा एका अडचणीतल्या पेशंटबद्दल डॉक्टरांना फोन करण्यासाठी फार चांगला आहे. म्हणून शीट भरताना मनात एकच प्रश्न ठेवायचा: मॉर्निंगच्या सिस्टरला या पेशंटबद्दल आत्ता फोन करावा लागला, तर तिने काय सांगायला हवं? ज्याची तिला गरज नाही, ते नोट्समध्येच राहू द्या. नोट्स कुठे पळून जात नाहीत.

खरी अडचण नोट्सच्या क्रमाची आहे. आपण वेळेप्रमाणे लिहितो, त्यामुळे एकमेकांशी नातं असलेल्या गोष्टी चार-चार तासांच्या अंतरावर पडतात. एक केस घेऊन सांगते. अडकलेल्या हर्नियाचं ऑपरेशन झालेले, आतड्याचा खराब भाग काढून जोड दिलेले, ६२ वर्षांचे आजोबा. वजन ६० किलो, मधुमेह आहे, ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. नाईटच्या नोट्स अशा:

«रात्री ८: ओव्हर घेतली. पेशंट शुद्धीत, पोट दुखतंय. नाडी ८८, बीपी १२४/८०. आयव्ही चालू, आरटी, कॅथेटर, ड्रेन आहे. रात्री १०: दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक ७५ आयएम दिलं, आराम पडला. १२: लघवी ८ ते १२ मध्ये १८० मिली. नाडी १००. ड्रेसिंग कोरडं. मुलगा सोबत, समजावून सांगितलं. पहाटे ४: लघवी १२ ते ४ मध्ये ११० मिली. आरटीतून रात्रभरात ७०० मिली हिरवं पाणी. बीपी ११०/७०. ४.३०: आरएमओंना फोन, आरएल ५०० तासाभरात दिलं. ६: ४ ते ६ मध्ये लघवी ३५ मिली. नाडी ११६, बीपी १००/६०, श्वास २४. ६.३०: आरएमओ येऊन गेले, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट पाठवले. सकाळच्या राउंडला सरांना सांगा म्हणाले.»

आता पेन घेऊन समासात अक्षरं टाका: परिस्थितीला एस, पार्श्वभूमीला बी, तुमच्या अंदाजाला ए, पुढे काय करायचं त्याला आर. वाक्य नव्हे, एकेक माहिती तोडून. मुलाशी बोललात, ड्रेसिंग कोरडं, दहाला आराम पडला, यांना अक्षर मिळणार नाही. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण नोट्समध्ये शोभतात. बी भरताना केस पेपर उघडायलाच लागतो, कारण नोट्समध्ये अॅलर्जी लिहिलेली नसते. केस पेपरवरही नसेल तर शीटवर ‘अॅलर्जी: नोंद नाही’ असं लिहा. ‘नाही’ लिहू नका, त्याचा अर्थ विचारून घेतलं असा होतो.

एस म्हणजे आत्ताची परिस्थिती. इथे सकाळी सहाचे आकडे आणि मुख्य तक्रार एवढंच. रात्री आठचा बीपी एसमध्ये नाही, तो तुलनेसाठी एमध्ये येतो.

ए हा रकाना बहुतेकांच्या शीटवर रिकामा दिसतो, किंवा त्यात पुन्हा तेच आकडे लिहिलेले असतात. निदान करायला कोणी सांगत नाही, पण आकडे एकमेकांशेजारी ठेवून काय चाललंय ते सांगणं हे नर्सचंच काम आहे. हिशेब बघा: मोठ्या माणसात लघवी साधारण ताशी अर्धा मिली प्रति किलो तरी हवी, म्हणजे या आजोबांना ताशी ३० मिली. १८० भागिले ४ म्हणजे ताशी ४५, मग ताशी २७, मग दोन तासांत ३५ म्हणजे ताशी सतरा-अठरा. नोट्समध्ये प्रत्येक आकडा स्वतंत्र वाचला तर चटकन कळत नाही, कारण शेवटची मोजणी चारऐवजी दोन तासांची आहे. ताशी काढल्याशिवाय तुलना करूच नका. त्याच्या शेजारी ठेवा वाढती नाडी, उतरता बीपी, आरटीतून गेलेलं ७०० मिली पाणी आणि बोलस देऊनही न वाढलेली लघवी. आणि याच रांगेत येतं रात्री दहाचं डायक्लोफिनॅक. शरीरात पाणी कमी असताना हे औषध किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी कमी करू शकतं. नोट्समध्ये त्याच्या शेजारी ‘आराम पडला’ आहे, लघवी दोन ओळी पुढे आहे. दोन्ही एकत्र आल्या की पुढचा डोस सकाळी १० ला आहे हे टोचतं. रकाने भरण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

शीट मग अशी होते:

एस: हर्निया, आतड्याचा जोड, दुसरा दिवस. लघवी कमी झाली आहे. सकाळी ६ ला नाडी ११६, बीपी १००/६०, श्वास २४. शुद्धीत.

बी: ६२ वर्षे, ६० किलो, मधुमेह. आरटी, कॅथेटर, ड्रेन. अॅलर्जी: नोंद नाही. डायक्लोफिनॅक ७५ रात्री १० ला. आरएल ५०० पहाटे ४.३० ते ५.३०.

ए: लघवी ताशी ४५ वरून २७, मग १७. रात्री ८ ला नाडी ८८, बीपी १२४/८० होता. आरटीतून ७०० मिली. बोलसनंतर सुधारणा नाही. पाणी कमी पडतंय असं वाटतं, पोटातलं काही आहे का ते डॉक्टरांनी बघावं. कॅथेटर मोकळा आहे का ते तपासल्याची नोंद नाही.

आर: ओव्हर संपताच कॅथेटरची नळी वाकली आहे का बघणे. लघवी दर तासाला मोजणे. सर्जनना राउंडची वाट न पाहता ८ ला फोन. १० चं डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइटचा रिपोर्ट बाकी, लॅबला ८.३० ला विचारणे.

कॅथेटरची ओळ मुद्दाम दाखवली. नोट्समध्ये नसलेली गोष्ट शीट नीट दिसावी म्हणून लिहायची नाही. ‘कॅथेटर पेटंट’ असं सवयीने लिहिलं तर सकाळची सिस्टर नळी बघणारच नाही, आणि बीपी उतरत असताना बंद नळी हे एकमेव कारण समजून बसायलाही जागा उरायला नको. म्हणून ‘नोंद नाही’ एमध्ये आणि ‘बघणे’ आरमध्ये.

आरमधल्या प्रत्येक ओळीला काम आणि वेळ दोन्ही हवीत, आणि फोन करायचा असेल तर कोणाला ते हवं. ‘वॉच व्हायटल्स’ लिहून काहीच हाती लागत नाही: किती वेळाने, आणि काय झालं की बोलवायचं? इथे मी ‘सिस्टॉलिक ९० च्या खाली किंवा गुंगी आली तर लगेच’ हेही जोडते. मर्यादा तुमच्या वॉर्डाच्या पद्धतीप्रमाणे घ्या, डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि राउंडचा मुद्दा: आरएमओंनी राउंडला सांगा म्हटलं होतं, पण लघवी घसरतेय आणि बीपी उतरतोय, तर नऊच्या राउंडची वाट बघायची गरज नाही. शीटमध्ये तुमचं मत लिहायला घाबरू नका.

जे पेशंट ठीक आहेत त्यांना चार रकाने भरभरून लिहू नका. तिसऱ्या दिवसाची अपेंडिक्सची मुलगी, जेवते, फिरते, ताप नाही: एस एक ओळ, बी अर्धी ओळ, ए ‘सुधारते आहे’, आर ‘आज डिस्चार्जचं राउंडला विचारणे, बाकी काही नाही’. ‘बाकी काही नाही’ हे शब्द लिहायचेच, नाहीतर रिकामा रकाना विसरला की खरंच काही नव्हतं हे समोरच्याला कळत नाही.