‘सहमत आहे’मधला ‘आहे’ आणि इंग्रजीतला ‘अ‍ॅम’

प्रश्न : मुलाखतीत मी ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री विथ यू, सर’ असे म्हणालो. बाहेर आल्यावर मित्राने सांगितले की ते चुकले. ‘आय अ‍ॅम रेडी’ चालते, मग ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ का चालत नाही? (पदवीधर, जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या मनात मराठी वाक्य आधी तयार होते आणि ते ‘मी आपल्याशी सहमत आहे’ असे असते. मराठीत ‘सहमत’ हे विशेषण आहे, आणि विशेषणाने वाक्य पुरे होत नसल्यामुळे ‘आहे’ हे क्रियापद आपल्याला जोडावे लागते. ‘मान्य आहे’, ‘कबूल आहे’, ‘मंजूर आहे’ यांची घडणही तशीच. या ‘आहे’साठी आपण इंग्रजीत ‘अ‍ॅम’ ठेवतो आणि ‘सहमत’च्या जागी ‘अ‍ॅग्री’ बसवतो. पण ‘अ‍ॅग्री’ हे विशेषण नसून स्वतःच पूर्ण क्रियापद आहे, म्हणजे ‘सहमत’ आणि ‘आहे’ या दोन्ही शब्दांचे काम ते एकटे करते. त्याच्यापुढे ‘अ‍ॅम’ आला की एका वाक्यात दोन क्रियापदे होतात आणि त्यांना जोडणारे काहीच नसते. ‘रेडी’ मात्र ‘तयार’सारखेच विशेषण आहे, म्हणून त्याला ‘अ‍ॅम’ लागतो.

एखादा शब्द कोणत्या जातीचा आहे हे ओळखायचे असेल, तर वाक्य कालच्या दिवसावर नेऊन पाहावे. ‘काल मी तयार होतो’ हे ‘आय वॉज रेडी’ असे होते. येथे ‘अ‍ॅम’चा ‘वॉज’ झाला, ‘रेडी’ मात्र आहे तसाच राहिला. ‘काल मी सहमत झालो’ हे ‘आय अ‍ॅग्रीड’ असे होते, म्हणजे शब्द स्वतःच बदलला. काळाप्रमाणे स्वतः बदलतो तो शब्द क्रियापद, आणि साध्या वर्तमानकाळात त्याच्यापुढे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ येत नाहीत.

एकदा हे पटले की प्रश्न आणि नकार यांतही बदल करावा लागतो, आणि माझ्या अनुभवात खरी अडचण तेथेच येते. ‘आय अ‍ॅग्री’ असे बरोबर म्हणणारा विद्यार्थीही पुढच्याच वाक्यात ‘आर यू अ‍ॅग्री?’ असे विचारतो आणि ‘आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्री’ असे सांगतो. क्रियापदाचा प्रश्न ‘डू’ने सुरू होतो आणि त्याचा नकार ‘डोन्ट’ने होतो, म्हणून ‘डू यू अ‍ॅग्री?’ आणि ‘आय डोन्ट अ‍ॅग्री’ हीच योग्य रूपे. मुलाखतीची तयारी करताना ही तीनही रूपे एकत्रच म्हणावीत. होकार एकटा घोकला की नकाराच्या वेळी ‘अ‍ॅम’ परत येतो.

आणखी एक उपाय मी वर्गात सांगत असे. मनातले मराठी वाक्यच बदलावे. ‘मी सहमत आहे’ याऐवजी ‘मला पटते’ असा विचार करावा. ‘पटते’ हे ‘आहे’ची मदत न घेणारे स्वतंत्र क्रियापद आहे, त्यामुळे ‘अ‍ॅम’ घालावासा वाटतच नाही. यात मर्यादा एवढीच की ‘मला’ पाहून कोणी त्या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘मी’ लिहू नये. इंग्रजीत कर्ता ‘आय’च राहतो.

प्रश्न : आमच्या टॉवेलच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकाला मी हा ई-मेल पाठवला : ‘वी आर अ‍ॅग्री विथ युवर रेट. डिलिव्हरी डेट इज डिपेंड ऑन यार्न. प्लीज डोन्ट बी वरी.’ मालक म्हणतात, तिन्ही वाक्ये चुकली. दुरुस्त करून द्याल का? (लिपिक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : मालकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तिन्ही वाक्यांत चूक एकच आहे. क्रियापदाला विशेषण समजून त्याच्यापुढे असण्याचे क्रियापद ठेवले गेले. दुरुस्ती मात्र प्रत्येक वाक्यात थोडी वेगळी करावी लागते.

पहिल्या वाक्यातला ‘आर’ काढला की ‘वी अ‍ॅग्री विथ युवर रेट’ उरते, पण व्यवहाराच्या पत्रात तेही पुरेसे नाही. ‘अ‍ॅग्री विथ’ म्हणजे एखाद्या माणसाचे किंवा मताचे पटणे. समोरच्याने मांडलेला दर किंवा अट स्वीकारायची असेल तर ‘अ‍ॅग्री टू’ म्हणतात, आणि दोघांनी बोलून एक दर ठरवला तर ‘अ‍ॅग्री ऑन’. तुम्ही ग्राहकाचा दर स्वीकारत आहात, म्हणून ‘वी अ‍ॅग्री टू युवर रेट’ असे लिहावे. ‘तुमचा दर योग्य वाटतो’ आणि ‘तुमचा दर आम्हाला मंजूर आहे’ या दोन विधानांत जो फरक आहे, तोच येथे ‘विथ’ आणि ‘टू’ यांत आहे. पैशांच्या पत्रात तो सांभाळलाच पाहिजे.

दुसऱ्या वाक्यामागे ‘तारीख सुतावर अवलंबून आहे’ हे मराठी उभे आहे. ‘अवलंबून’ हे ‘बसून’, ‘लपून’ यांच्यासारखे ऊन-प्रत्यय लागलेले रूप आहे. ते वाक्य पुरे करू शकत नाही, म्हणून आपण ‘आहे’ जोडतो. ‘डिपेंड’ला असा आधार लागत नाही. मात्र ‘इज’ काढल्यावर काम संपले असे समजू नये. ‘इज’ होता तेव्हा कर्ता एकवचनी आहे हे तो दाखवत होता, आता ते दाखवण्याची जबाबदारी क्रियापदावर येते. म्हणून ‘द डिलिव्हरी डेट डिपेंड्स ऑन द यार्न सप्लाय’ असा शेवटी ‘स’ हवा. ‘इज’ खोडून ‘डेट डिपेंड ऑन’ एवढेच ठेवणारी पत्रे मी खूप पाहिली आहेत. एक चूक निघते आणि तिच्या जागी दुसरी येते. तारखा अनेक असतील तर ‘द डेट्स डिपेंड’, नकार असेल तर ‘डझ नॉट डिपेंड’, आणि पुढची गोष्ट असेल तर ‘विल डिपेंड’. ‘विल बी डिपेंड’ असेही सर्रास लिहिले जाते, पण त्यातला ‘बी’ म्हणजे वेष बदलून आलेला तोच ‘आहे’ होय.

तिसऱ्या वाक्यात ‘बी’ नको. ‘काळजी करू नका’ यात मराठीतही ‘करणे’ आहे, ‘असणे’ नाही, त्यामुळे ‘प्लीज डोन्ट वरी’ हे सरळ भाषांतर होते. तरी ग्राहकाला एवढे अनौपचारिक लिहिण्यापेक्षा सूत आल्याबरोबर नक्की तारीख कळवू असे लिहिलेले मला अधिक योग्य वाटते, कारण त्याला धीरापेक्षा तारीख हवी असते.

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलीला सांगितले आहे की क्रियापदापुढे ‘अ‍ॅम’ लावायचा नाही. मग ‘आय अ‍ॅम वरीड’ बरोबर कसे? आणि ते बरोबर असेल तर ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्रीड’ का नाही? (एक पालक, बार्शी)

उत्तर : मुलीला सांगितलेला नियम खरा आहे, पण तो क्रियापदाच्या मूळ रूपापुरता आहे. ‘आय अ‍ॅम वरी’ हे चुकीचेच. ‘वरीड’ हे मात्र क्रियापदापासून तयार झालेले विशेषण आहे, आणि विशेषणापुढे ‘अ‍ॅम’ चालतो. मराठीत ‘मी काळजी करते’ आणि ‘मी काळजीत आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आपण सहज वापरतो. पहिल्याला ‘आय वरी’ म्हणावे, दुसऱ्याला ‘आय अ‍ॅम वरीड’. आईला मुलांची सदा काळजी असते तेव्हा पहिले, आणि आज पाऊस झोडपतो आहे व मुलगी अजून क्लासहून आली नाही तेव्हा दुसरे अधिक स्वाभाविक. दोन्हींनंतर ‘अबाउट’ येतो.

आता ‘अ‍ॅग्रीड’. सगळ्याच क्रियापदांपासून माणसाला लागू पडणारे असे विशेषण निघत नाही. ते कधी निघते हे पाहण्यासाठी कर्ता आणि माणूस यांची अदलाबदल करावी. ‘परीक्षा मला काळजीत टाकते’ हे इंग्रजीत ‘द एक्झाम वरीज मी’ असे म्हणता येते. परीक्षा काहीतरी करते आणि ते माझ्यावर घडते, म्हणून मी ‘वरीड’ होते. ‘टायर्ड’, ‘कन्फ्यूज्ड’, ‘सरप्राइज्ड’ ही याच घरातली. पण ‘द प्लॅन अ‍ॅग्रीज मी’ असे वाक्य इंग्रजीत होत नाही. माझे कोणी सहमतीकरण करत नाही, सहमत होण्याचे काम मीच करते. म्हणून ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्रीड’ नाही. ‘डिपेंड’चेही तसेच असल्याने ‘आय अ‍ॅम डिपेंडेड’ हेही नाही.

येथे एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर मुलगी पुढे तो वाचेल आणि गोंधळेल. ‘इट वॉज अ‍ॅग्रीड दॅट’ ही रचना सभेच्या इतिवृत्तात नेहमी येते आणि ती अगदी शुद्ध आहे. तेथे ‘अ‍ॅग्रीड’ हे माणसाविषयी नसून ठरलेल्या गोष्टीविषयी आहे, ‘असे ठरले की’ या अर्थाने. ‘ठरलेला दर’ या अर्थाने ‘द अ‍ॅग्रीड रेट’ही त्याच कारणाने चालतो. ब्रिटिश इंग्रजीच्या औपचारिक वळणात ‘वी आर अ‍ॅग्रीड’, म्हणजे आम्हा सर्वांचे एकमत झाले आहे, असेही आढळते, परंतु आठवीच्या मुलीने ते वापरण्याची गरज नाही.

प्रश्न : ‘अवर जोवार इज डिपेंडंट ऑन सप्टेंबर रेन’ असे वाक्य मी लिहिले. हे तरी बरोबर आहे का? आणि ‘इज डिपेंडिंग’ म्हटले तर? (शेतकरी व शिक्षक, मंगळवेढा)

उत्तर : तुमचे वाक्य बरोबर आहे, फक्त ‘सप्टेंबर’पुढे ‘द’ आणि ‘रेन’ला अनेकवचन द्यावे. ‘डिपेंडंट’ हे खरोखर विशेषण आहे, म्हणून त्याला ‘इज’ हवाच. अर्थाची छटा मात्र बदलते. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे एक गोष्ट दुसरीवर ठरते. ‘डिपेंडंट’ म्हटले की त्या आधाराशिवाय निभत नाही असा भाव येतो, जसे मुले आईवडिलांवर. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी आणि नंतरची ओल या पावसावरच अवलंबून असल्यामुळे तुमच्या वाक्यात तो भाव शोभतो. ‘किती पोती होतील ते पावसावर आहे’ एवढेच सांगायचे असेल तर ‘डिपेंड्स’ पुरेसे.

‘द यील्ड इज डिपेंडिंग ऑन’ असे लिहू नये. ‘अमुक गोष्ट तमुक गोष्टीवर ठरते’ हे घडत असलेले काम नसून एक संबंध आहे, आणि अशा संबंधाला इंग्रजीत चालू वर्तमानकाळ देत नाहीत. माणूस माणसावर भरवसा ठेवतो तेव्हा मात्र ‘आय अ‍ॅम डिपेंडिंग ऑन यू’ हे पूर्ण शुद्ध आहे.

प्रश्न : ‘आय अ‍ॅम बिलाँग टू सोलापूर’ याला काय करावे? (विद्यार्थिनी, होटगी रोड)

उत्तर : ‘अ‍ॅम’ काढून ‘आय बिलाँग टू सोलापूर’ केले की व्याकरण सुधारते. पण ‘मी सोलापूरची आहे’ यासाठी इंग्रजीत रोजचे वाक्य ‘आय अ‍ॅम फ्रॉम सोलापूर’ हे आहे, आणि त्यात तुमचा ‘आहे’ आपल्या योग्य जागी ‘अ‍ॅम’ म्हणून राहतोही.