उताऱ्यातला अनोळखी शब्द: फोडायचा की सोडायचा?

प्रश्न: राज्यसेवा पूर्वच्या सी-सॅटमध्ये मराठी उताऱ्यात एखादा शब्द अडला की मी तिथेच रेंगाळतो. उपसर्ग-प्रत्यय बघून अर्थ लावावा की सरळ पुढे जावं?

बहुतेक वेळा पुढे जा. दोन तासांत ८० प्रश्न आहेत, एका शब्दाशी कुस्ती खेळायला वेळ कुणाला आहे? पण शब्द फोडण्यावरून माझं आणि मामाचं जुनं भांडण आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मामा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. सुट्टीत गेलो की ताटावर बसल्या बसल्या उपसर्ग विचारायचे. त्यांच्याकडून मिळालेली एक गोष्ट मात्र सोन्यासारखी. अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला सरावाच्या उताऱ्यात हे वाक्य आलं: 'अनुत्पादक खर्चाला आळा घातल्याशिवाय तूट भरून निघणार नाही.' पठ्ठ्याने 'अनु' म्हणजे मागोमाग, सोबत असं पाठ केलेलं. अनुत्पादक म्हणजे उत्पादनाला साथ देणारा खर्च, असं धरून त्याने नेमका उलटा पर्याय रंगवला. इथे 'अनु' नाहीच, 'अन्' आहे. अन् अधिक उत्पादक, म्हणजे ज्यातून काही निपजत नाही असा.

मामांची कसोटी सोपी आहे. सुरुवातीचा 'अन्' बाजूला काढा आणि उरलेला भाग 'उ'पासून सुरू होणारा ओळखीचा शब्द आहे का बघा. उपस्थित, उत्तीर्ण, उचित, उदार हे शब्द आहेत, म्हणून अनुपस्थित, अनुत्तीर्ण, अनुचित, अनुदार यांत नकार आहे. 'उकूल', 'उभव' असे शब्द नाहीत, म्हणून अनुकूल आणि अनुभव यांत खरा 'अनु'. शिवाय 'अनु'च्या पुढे खरंच 'उ' आला असता तर संधी होऊन दीर्घ 'नू' झाला असता, जसा 'अनूदित'मध्ये, म्हणजे भाषांतरित. 'अनुदान'वर ही कसोटी थोडी लंगडते, कारण 'उदान' नावाचा एक प्राण आहे, पण तो सी-सॅटमध्ये तुम्हाला भेटणार नाही.

आणि खरं सांगायचं तर मित्राला यातलं काहीही न येता सुटता आलं असतं. 'आळा घालणं' हे कशाला म्हणतात? नको असलेल्या गोष्टीलाच ना! शब्दाचे तुकडे पाडण्याआधी शेजारचं क्रियापद वाचावं.

भांडण झालं ते 'अपरोक्ष'वरून. सरावाच्या पुस्तकात वाक्य होतं: 'विश्वस्तांनी सभासदांच्या अपरोक्ष जमीन भाडेपट्ट्याने दिली. हे कळताच सभासदांनी जाब विचारला.' मामा म्हणाले, अ अधिक परोक्ष, म्हणजे परोक्ष नव्हे ते, अर्थात सभासदांच्या डोळ्यांसमोर. संस्कृतात अगदी बरोबर. मी म्हटलं, "मामा, डोळ्यांसमोर दिली तर 'हे कळताच' कशाला?" मराठीत आपण 'माझ्या अपरोक्ष' म्हणतो ते पाठीमागे याच अर्थाने. मामांच्या मते ती चूक आहे. असेल, पण उतारा लिहिणाऱ्याने तीच चूक केली असेल तर उत्तरही तिच्याप्रमाणेच द्यावं लागतं! फोड आणि पुढचं वाक्य यांचं जमत नसेल तर फोड फेकून द्या. मामा अजून मानत नाहीत.

आता सोडायचे कुठले? 'डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील ग्रंथिकांमध्ये रायझोबियम जिवाणू असतात.' ग्रंथिका म्हणजे काय याने काही अडत नाही. मुळांवर आहेत आणि त्यांत जिवाणू राहतात, एवढं वाक्यानेच सांगितलं. खडक, रोग, वनस्पती, कायद्यातली कलमं यांच्या नावांचंही तसंच: पहिलं अक्षर लक्षात ठेवा, प्रश्नात तो शब्द आला तर त्याच ओळीवर परत या. थांबायचं ते लेखकाचा कल दाखवणाऱ्या शब्दाशी, म्हणजे 'परंतु', 'तथापि' नंतरचं विशेषण किंवा शेवटच्या वाक्यातलं क्रियापद. तिथेही सगळा अर्थ लागायला हवा असं नाही. लेखक बाजूने बोलतोय की विरोधात, एवढं ठरलं की दोन पर्याय बहुधा गळतात. तेवढंही ठरत नसेल तर प्रश्न सोडा. अडीच गुणांच्या प्रश्नाला चुकल्यावर पाव भाग कापला जातो आणि हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरताच आहे.

हे सगळं मराठी उताऱ्यांचं झालं. इंग्रजी उताऱ्यात 'इन' दिसला की सरळ उलटा अर्थ धरू नका, 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. आणि प्रश्नातच 'अधोरेखित शब्दाचा अर्थ सांगा' असं विचारलं असेल तर पुढे जायची सोय नाही, तिथे मामांचीच पद्धत आधी लावून बघा, मग चारही पर्याय एकेक करून त्या वाक्यात बसवून वाचा.