संगीतातलं भाषण : एकच किस्सा सांग

अरे, बहिणीच्या लग्नातल्या संगीतासाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. दोन पानांत 'प्रेमळ', 'समजूतदार', 'घराची लाडकी' सगळं आहे, फक्त तुझी बहीण कुठं दिसत नाही. हेच भाषण सांगलीत विश्रामबागेतल्या कुठल्याही हॉलमध्ये कुठल्याही मुलीसाठी चालेल. खोड ते. एकच किस्सा घे.

तूच मागे सांगितलेला पुराचा घे की. २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेचं पाणी गल्लीत आलेलं, आई कागदपत्रांची पिशवी शोधतीय, बाबा इन्व्हर्टर वर चढवतायत, तू चार्जर शोधतोयस, आणि ही बया डोक्यावर भडंगाचा डबा घेऊन जिन्यात. पण सुरुवातीलाच 'हिनं भडंग वाचवलं' म्हणून मोकळा होऊ नकोस. आधी बाकीच्यांनी काय काय उचललं ते सांग, 'डबा' हा शब्द अगदी शेवटी येऊ दे आणि मग गप्प उभा राहा. हशा चालू असताना बोललास तर पुढचं वाक्य वाया गेलं समज. मग सांग की लाईट नव्हती, दुकानं बंद, आणि तोच डबा तिनं गच्चीवर शेजारच्या आजीपासून सगळ्यांना मुठीमुठीनं वाटला. झालं, 'प्रेमळ' म्हणायची गरजच उरली नाही.

तीन मिनिटांत बसव. साडेतीनशे शब्दांच्या वर जाऊ नकोस, हशाला जागा लागते. साताऱ्याच्या पाहुण्यांना तुमची घरातली टोपणनावं कळणार नाहीत, ती काढ. तिचं वजन, मार्क, आधीची स्थळं, हुंडा-मानपान यातलं काही नको, आणि किस्सा आधी तिला एकटीला ऐकव, ती नाही म्हणाली तर दुसरा शोध. पण शोधायचा एकच.

माझ्या ताईच्या वेळी मला सगळ्यांनी सांगितलं होतं, चार किस्से घे, काका-मामांची नावं घे, आभार मान. मी ऐकलं नाही. ती स्कूटी शिकताना आत्याच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनावर धडकलेली, तेवढंच सांगितलं. नाव घेतलं नाही म्हणून मामा दोन वर्षं नीट बोलला नाही, आणि आत्याचं म्हणणं, वृंदावनाची चेष्टा केलीस. करू देत. भाऊजी अजून त्या स्कूटीवरून ताईला चिडवतात, म्हणजे किस्सा सासरी पोचला ना!

भाषण जेवणाआधी, डान्स सुरू व्हायच्या आत उरकून घे, एकदा ताटं वाढली की कुणी वर बघत नाही. डीजेवाल्याला मागचं म्युझिक पूर्ण बंद करायला सांग, कमी नव्हे, बंद. माईक हनुवटीजवळ धर. शेवटी दाजींकडे वळून एवढंच म्हण, "दाजी, घरात डबा भरलेला ठेवा," आणि खाली उतर. कविता नको, चारोळी नको.

आज रात्री व्हॉइस नोट पाठव. कागदावरून वाचलेली नको, मला लगेच कळतं.