रात्रीचा बीपी वाचताना

प्रिय डॉक्टर,

तू चोपड्याच्या बाजूच्या त्या आप्पांचा चोवीस तासांच्या बीपीचा रिपोर्ट पाठवलास आणि खाली विचारलंस, "नॉन-डिपर आहेत, रात्रीची गोळी सुरू करू का?" गोळीचं नंतर बघू. आधी आप्पा त्या रात्री झोपले होते का, ते विचार.

रिपोर्टमध्ये दिवसाचा वरचा बीपी सरासरी १४२ आणि रात्रीचा १३६ आहे. घट सहाची, म्हणजे जेमतेम ४ टक्के. साधारणपणे झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतार अपेक्षित असतो, त्यामुळे मशीनने नॉन-डिपर छापलं. पण मशीनची रात्र दहा ते सहा अशी ठरलेली असते. केळीवाल्या माणसाची रात्र कृषिपंपाची वीज ठरवते. आप्पा अकराला मोटार चालू करायला गेले आणि दोनला परतले, तर त्या तीन तासांतले आकडे चालत्या-फिरत्या माणसाचे आहेत. म्हणून बीपीचा पट्टा दंडाला बांधताना कागद हातात द्यायचा: कधी आडवे झालात, कधी उठलात, गोळी कधी घेतली. मग सरासरी त्या वेळांवरून काढायची.

बीपी उतरतो तो नुसतं आडवं झाल्याने नाही. गाढ झोपेत शरीराला धावपळीला तयार ठेवणाऱ्या सिम्पथेटिक नसांचा जोर ओसरतो, शरीर शांत करणाऱ्या व्हेगस नर्व्हचा वाढतो, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात. दुसरा वाटा मूत्रपिंडांचा. दिवसभर खाल्लेलं मीठ ती दिवसाच बाहेर टाकू शकली, तर रात्री जास्त दाबाची गरज उरत नाही. मूत्रपिंड थकलेलं असेल किंवा मिठाचा भार फार असेल, तर उरलेलं मीठ काढायला रात्रीही दाब चढाच ठेवावा लागतो. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणाऱ्या प्रत्येकाच्या प्रोस्टेटवर खापर फोडू नकोस, ते याच्यामुळेही असू शकतं.

पंपाची वीज दिवसा असलेल्या आठवड्यात तू आप्पांना पट्टा परत बांधलास, ते बरं झालं. एका रात्रीवर शिक्का मारायचा नसतोच. हाच माणूस पुढच्या खेपेला डिपर निघू शकतो, कारण दर अर्ध्या तासाने फुगणारा पट्टाच काहींची झोप मोडतो. या वेळी ते दहा ते पाच नीट झोपले. दिवसाचा १४०, झोपेतला १२९. घट ११, म्हणजे सुमारे ८ टक्के. पहिल्यापेक्षा बरं, पण दहाच्या खालीच. आणि टक्केवारी क्षणभर बाजूला ठेवली तरी झोपेतला सरासरी बीपी १२०/७० च्या खाली हवा, तो नाही. मला हा आकडा टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दिवसाचा १६५ आणि रात्रीचा १४५ असलेला माणूस कागदावर डिपर ठरतो, पण त्याची रात्रही वाईटच.

आता कारण शोधायचं. रात्री न उतरणारा बीपी हे निदान नाही. तो हृदयाची भिंत जाड होणं, पक्षाघात, मूत्रपिंडाचं नुकसान यांच्याशी जोडलेला आढळतो, आणि बहुतेकदा आधीच काहीतरी बिघडल्याचं सांगतो. आप्पांना शुगर असेल तर स्वायत्त नसांवर परिणाम झालाय का ते बघ: आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपी मोज. क्रिएटिनिन आणि लघवीतला अल्ब्युमिन कर. पापड, लोणचं, ठेचा, शेव यांचं मीठ विचार. "जास्त मीठ नाही खात" या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस, ताटात काय असतं ते विचार.

घोरण्याचा प्रश्न मात्र आप्पांना नाही, त्यांच्या घरच्या मावशींना विचार. तू लिहिलंयस की त्या म्हणाल्या, "घोरता घोरता मध्येच श्वास बंद पडतो, मी हलवून उठवते." माझ्या मते धागा इथे आहे. घसा मिटतो, ऑक्सिजन उतरतो, सिम्पथेटिक नसा दर वेळी शरीराला धक्का देऊन उठवतात आणि बीपी उडी मारतो. अशा रात्री उतार पडणार कसा? त्यांची मान जाड आहे, दुपारी बांधावर बसल्या-बसल्या डुलकी लागते, हेही जुळतं. झोपेची तपासणी करून घे; जळगावला पाठवावं लागलं तरी पाठव.

गोळीचं आता. सगळ्या गोळ्या रात्री ढकलल्या की हृदयविकार टळतात, ही कल्पना मध्यंतरी फार चालली. २०२२ साली ब्रिटनमधल्या एकवीस हजारांहून जास्त रुग्णांच्या 'टाइम' नावाच्या चाचणीत सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे आप्पांना नियमाने जमेल तीच वेळ ठेव. फक्त आत्ताची गोळी चोवीस तास पुरते का ते बघ. सकाळची कमी पल्ल्याची गोळी पहाटेपर्यंत ओसरली असेल, तर लांब पल्ल्याची दे. वय झालेल्या माणसाचा रात्रीचा बीपी औषधाने फार पाडू नकोस, लघवीला उठताना पडतात.

झोपेच्या तपासणीचा कागद आला की पाठव. झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे अ‍ॅप्निया, निघाला आणि हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन सुरू झालं, तर काही आठवड्यांनी पट्टा परत बांध, आणि त्या रात्री वीज कोणत्या पाळीची आहे ते आधी विचारून घे.

तुझा,
जळगावचा सर