खवल्या मांजर दिसल्याचं वन विभागाला कळवायचंय, पत्रात काय लिहू?

प्रश्न: रात्रीची लाईट असल्यानं काल ज्वारीला पाणी द्यायला गेलो होतो. बांधावर खवल्या मांजर दिसलं, मोबाईलमध्ये चार फोटो आहेत. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. वन विभागाला पत्र द्यायचंय, पण कोणाला आणि काय काय लिहू? भाऊ म्हणतो भानगडीत पडू नको, जमीन वनात जाईल.

उत्तर:

गावाचं नाव इथं लिहिलं नाहीत, ते चांगलं केलंत. फोटो गावच्या ग्रुपवर गेले नसतील तर जाऊ देऊ नका. खवल्यांच्या चोरट्या व्यापारासाठी हा प्राणी मारला जातो, आणि आपल्याकडं पैशाचा पाऊस पाडून देतो म्हणणारे भोंदूही त्याच्या मागावर असतात. धोका वाटला की हा पळत सुटत नाही, अंगाची गुंडाळी करून जागीच पडतो. बिबट्यापुढं ती गुंडाळी कामाला येते, माणूस मात्र सरळ उचलून पोत्यात घालतो. म्हणून तुमच्या पत्रानं दोन कामं करायला हवीत. वनरक्षकाला नेमकी तीच जागा सापडली पाहिजे, आणि बाकी कोणाला ती कळता कामा नये.

पत्र लिहिण्याआधी आज दिवसाउजेडी एकदा बांधावर जा. रात्री टॉर्चच्या उजेडात काढलेल्या फोटोत प्राणी दिसतो, जागा दिसत नाही. शिवाय कार्यालयात असे फोटो येतच असतात आणि त्यातले कितीतरी दुसऱ्याच राज्यातले, वर्षानुवर्षं फिरत असलेले निघतात. त्यामुळं तुमचा फोटो तुमच्याच शिवारातला आहे हे दाखवावं लागतं. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याला मी असंच पत्र लिहून दिलं होतं. त्याच्या फोटोत प्राण्याच्या मागं बांधाचा एक काळा दगड अर्धा दिसत होता, वरच्या कडेला पांढरी शीर असलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच दगडाचा त्याच बाजूनं फोटो घेतला आणि टेप लावून मोजलं, तर दगड ४० सेंटिमीटर लांब भरला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की शंकेला जागाच उरली नाही. प्राणी दगडाला जवळजवळ चिकटून चालत होता, त्यामुळं नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो साधारण ९० सेंटिमीटर असावा हेही काढता आलं. प्रौढ खवल्या मांजराचं डोकं आणि धड मिळून साधारण ४५ ते ७५ सेंटिमीटर असतं, शेपूट वेगळी. म्हणजे ते पिल्लू नव्हतं एवढं तरी खात्रीनं लिहिता आलं. प्राणी दगडाच्या बराच पुढं किंवा मागं असेल तर मात्र हा हिशेब चुकतो, तेव्हा आकडा लिहूच नका.

जाताना एकटेच जा किंवा घरचं एखादं माणूस घ्या. गडी-माणसांना बरोबर नेऊ नका, कुत्रंही नको. ठसा मिळाला तर शेजारी दहाचं नाणं ठेवून वरून सरळ फोटो घ्या. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून ठशाचा आकार कळतो. हा प्राणी पुढच्या पायांची लांब नखं आत वळवून चालतो, त्यामुळं पुढचा ठसा पंजासारखा न उमटता बोथट दिसतो. जवळपास ताजं फोडलेलं वारूळ असेल तर त्याचाही फोटो घ्या, मुंग्या आणि वाळवी हेच त्याचं खाणं. बीळ सापडलं तर लांबूनच बघा. आत असताना तो कधीकधी तोंड मातीनं बंद करून घेतो, म्हणून बुजलेलं बीळ रिकामं समजू नका. काटे पडलेले किंवा कुरतडलेली हाडं दिसली तर ते बहुतेक साळिंदराचं असतं. कुठल्याही बिळात काठी घालायची नाही की धूर करायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात नुसतं मारणं नाही, पकडणं आणि हुसकावून नेणंही येतं, आणि हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे.

पत्र तुमच्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हणजे आरएफओंना द्या आणि प्रत विभागीय वन अधिकाऱ्यांना. जमीन खासगी असली तरी चालतं, वन्यप्राणी कुठल्याही शिवारात असला तरी तो वन विभागाच्याच अखत्यारीत येतो. पत्र साधारण असं:

> प्रति,
> मा. वनपरिक्षेत्र अधिकारी (प्रादेशिक), ………
>
> विषय : खवल्या मांजर दिसल्याबाबत माहिती व स्थळपाहणीची विनंती
>
> महोदय,
>
> दि. १२/०१/२०२५ रोजी रात्री ११.४० च्या सुमारास मौजे ……… शिवारात पिकाला पाणी देत असताना मला एक खवल्या मांजर दिसले. अंतर अंदाजे २० फूट होते व टॉर्चचा उजेड होता. मी त्यास सुमारे तीन मिनिटे पाहिले. पाठ, शेपूट व पायांच्या बाहेरील बाजूस एकावर एक बसलेले तपकिरी खवले स्पष्ट दिसले. प्राणी पूर्वेकडील पडीक माळाकडून आला व ओढ्याच्या दिशेने गेला. चालताना लंगडत नव्हता, अंगावर जखम दिसली नाही. सोबत पिल्लू दिसले नाही.
>
> मी त्याचे चार फोटो काढले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागेचे तीन फोटो काढले असून त्यातील दगड रात्रीच्या फोटोशी जुळतो. बीळ आढळले नाही. ओढ्याच्या काठी एक ताजे उकरलेले वारूळ आहे. ते याच प्राण्याने उकरले असे मी खात्रीने सांगू शकत नाही.
>
> नेमके ठिकाण स्वतंत्र बंद लिफाफ्यात दिले आहे. प्राण्याच्या सुरक्षेसाठी ते गोपनीय ठेवावे व प्रसिद्धीस देऊ नये, ही विनंती. आपण स्थळपाहणी करून आवश्यक वाटल्यास कॅमेरा ट्रॅप लावावा. जागा दाखविण्यास मी हजर राहीन.
>
> आपला,
> (नाव, सही, मोबाईल नंबर)

यातलं वारुळाचं वाक्य नीट बघा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि नंतर मनानं जुळवलेलं, हे दोन्ही वेगळं ठेवलंय. वारूळ तर अस्वलही उकरतं. एक गोष्ट फुगवून लिहिलेली सापडली की वाचणारा बाकीच्या सगळ्या पत्राकडं संशयानं बघायला लागतो. ‘जखम दिसली नाही’, ‘बीळ आढळले नाही’ ही वाक्यंही गाळू नका, पाहणीला येणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो.

पिंजरा लावा, पकडून जंगलात सोडा, असं मात्र पत्रात लिहू नका. पिकाला त्याचा काही त्रास नाही. रोज मुंग्या आणि वाळवी मिळवून खाणारा हा प्राणी पिंजऱ्यात जगवणं फार अवघड आहे. त्याचा माळ आणि त्याची वारुळं त्याला माहीत आहेत, तिथंच तो राहू द्यावा.

बंद लिफाफ्यात एकच कागद घाला. गट नंबर, वाटेची खूण (उदा. ‘विहिरीपासून बांधानं ओढ्याकडं अंदाजे ८० पावलं’) आणि अक्षांश-रेखांश. मोबाईलच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. ते दशांश चिन्हानंतरच्या पाच अंकांपर्यंत जसेच्या तसे उतरवा. दुसऱ्या अंकापर्यंतच लिहिलेत तर जागा अर्धा किलोमीटर तरी इकडं-तिकडं होऊ शकते आणि वनरक्षक दुसऱ्याच्याच रानात फिरत बसेल. तुमच्याकडं पहिला आकडा १८ किंवा १९ नं आणि दुसरा ७४ ते ७६ नं सुरू व्हायला हवा. उलटे लिहिले गेले तर ती जागा थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात निघते, म्हणून लिहून झाल्यावर तेच आकडे परत नकाशात टाकून बघा.

फोटोंचं एक सांगतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाईलमधली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. मूळ फाईल पेनड्राईव्हवर द्या किंवा कार्यालयाच्या ईमेलवर जोडा. व्हॉट्सअॅपच वापरायचं असेल तर Document म्हणून पाठवा. फोटो उजळवू नका, कापू नका, वर नाव टाकू नका. नोंद फाईलमध्येच राहते म्हटल्यावर हीच मूळ फाईल मित्राला पाठवली तर जागाही त्याच्या हाती जाते, तेव्हा ती फक्त कार्यालयालाच द्या.

भावाची भीती मी बऱ्याच घरांत ऐकलीय. प्राणी दिसल्याचं पत्र दिलं म्हणून सातबारा बदलत नाही. अभयारण्य करायचं तर शासनाला अधिसूचना काढावी लागते, लोकांचे हक्क तपासावे लागतात, हरकती ऐकाव्या लागतात. बालाघाटातच येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचं आहे, नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ चं. ती अशीच अधिसूचना काढून झाली आहेत. भावाला खरी काळजी करायची असेल तर वेगळ्या गोष्टीची करू दे. बांधावर गळून पडलेला एखादा खवला सापडला तर तो घरात ठेवायचा नाही. कायद्यानं तो सरकारी मालमत्ता धरला जातो आणि हाती आल्यापासून ४८ तासांत कळवावं लागतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. खवला दिसला तर उचलू नका, जागेवर फोटो घ्या आणि पत्रात लिहा.

पत्र दोन प्रतींत न्या. आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. लिफाफा तिथं देऊ नका, तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या हातात द्या. ते फिरतीवर असतील तर वेळ विचारून पुन्हा जा. पावसाचं आभाळ असेल तर पत्राबरोबर फोनही करा, कारण एका सरीत ठसे जातात. प्राणी जखमी असेल, विहिरीत पडला असेल किंवा कोणी त्याला पकडलं असेल तर पत्र लिहीत बसू नका, लगेच १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाईनला फोन लावा.

आठ-दहा दिवसांत कोणी आलं नाही तर जुनाच आवक क्रमांक टाकून दोन ओळींचं स्मरणपत्र विभागीय वन अधिकाऱ्यांना द्या. परत दिसला तर मात्र नवं पत्र, नव्या तारखेचं आणि नव्या फोटोंसह, पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन. एकदा दिसलेला प्राणी वाटसरू असू शकतो. त्याच शिवारात महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा नोंद झाली की तो तिथं राहतोय असं म्हणायला आधार मिळतो, आणि कॅमेरा ट्रॅप मागायलाही.