'पोचलीस का?' या दोन शब्दांची अडीच वर्षं

ताई,
मी 29 वर्षांची आहे. आमच्याच टीममधल्या एका मित्रावर अडीच वर्षं माझं प्रेम होतं. आमच्यात तसं काहीच घडलं नाही. कधी रात्री साडेअकराला त्याचा 'पोचलीस का?' असा मेसेज यायचा, मग पाच-सहा दिवस नुसतं कामापुरतं बोलणं. मागच्या वर्षी धीर करून विचारलं, तर म्हणाला, 'तू मला खूप जवळची आहेस, पण मी आत्ता तसा विचार करत नाहीये.' त्यानंतरही मेसेज येतच राहिले. गेल्या महिन्यात त्याचं लग्न ठरलं. माझ्या मैत्रिणीचा चार वर्षांचा संसार मोडला, तरी ती सावरली. मी मात्र जे कधी नव्हतंच त्याच्यासाठी रडतेय. याची लाज वाटते. रोज रात्री डायरी लिहिते. तिसरी वही संपत आली, पण लिहून झालं की जास्तच त्रास होतो. परवाचं शेवटचं वाक्य: 'काळजी असल्याशिवाय कुणी पोचलीस का असं विचारतं का?' लिहिणं बंद करू का?
– वेडी

प्रिय मैत्रिणी,

'वेडी' अशी हाक मी मारणार नाही, माफ कर. लिहिणं बंद करू नकोस. रोज रात्रीचं लिहिणं मात्र आजपासून बंद कर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी तुझ्या मैत्रिणीशी तू केलेली तुलना बघू, कारण लाजेचं मूळ तिथे आहे. तिचं दुःख मोठं आणि तुझं पोकळ, असा हिशोब तू मांडला आहेस. पण तिच्याकडे दोन गोष्टी होत्या, ज्या तुला मिळाल्याच नाहीत. एक म्हणजे उत्तर. संपलं ते संपलं, कागदावर सह्या झाल्या. दुसरी म्हणजे खराखुरा माणूस. त्याचं घोरणं, पैशांवरून होणारी चिडचिड, आजारपणातला हट्टीपणा हे सगळं तिने चार वर्षं पाहिलं होतं. तिला रडायचं होतं ते एका ओळखीच्या माणसासाठी. तुझ्या वाट्याला आला तो बराचसा तूच तयार केलेला माणूस, आणि स्वतः घडवलेल्या माणसात दोष ठेवायची बुद्धी कुणाला होते?

यावर स्तांदाल या फ्रेंच लेखकाने 1822 साली लिहून ठेवलंय. साल्झबुर्गजवळच्या मिठाच्या खाणीत एखादी वाळकी, निष्पर्ण फांदी टाकली आणि काही महिन्यांनी बाहेर काढली, तर तिच्यावर इतके चमचमते स्फटिक जमलेले असतात की मूळची फांदी ओळखू येत नाही. प्रेमात पडलेलं मन समोरच्या माणसाचं हेच करतं, असं त्याचं म्हणणं. हे त्याला सुचलं तेव्हा तो स्वतः मिलानमधल्या मातिल्दे नावाच्या एका स्त्रीसाठी झुरत होता आणि ती त्याला दाद देत नव्हती. स्फटिकांना वाढायला अंधार आणि वेळ लागतो, आणि तुला तर पाच-सहा दिवसांची शांतता दर वेळी आयती मिळत होती.

ही शांतताच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. माकडांना पडद्यावर एक खूण दाखवायची आणि थोड्या वेळाने फळांचा रस द्यायचा. बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या मज्जापेशी यात काय करतात, हे शास्त्रज्ञ मोजत होते. रस नक्की मिळणार असं सांगणारी खूण दिसली, की त्या पेशी एकदा उसळायच्या आणि शांत व्हायच्या. मिळेल किंवा नाही, अगदी निम्मी-निम्मी शक्यता असली, तर मात्र खुणेपासून रसाच्या क्षणापर्यंत त्यांची हालचाल हळूहळू चढत जायची. ही चढण सर्वांत जास्त कुठे होती, तर बरोबर त्या निम्म्या शक्यतेला. माकडाचा रस म्हणजे तुझं प्रेम नव्हे, हे मलाही कळतं. पण रात्री अकरा वाजल्यापासून फोन उलटा ठेवून परत सुलटा करणारी तू त्यात मला दिसतेस. त्याने रोज मेसेज केला असता तर तुला त्याची सवय झाली असती, आणि कधीच केला नसता तर तू दोन महिन्यांत विसरली असतीस. कधी येईल ते माहीत नसणं, हेच तुला धरून ठेवत होतं. ही तीव्रता खरीच होती. मात्र तिच्यावरून तो किती योग्य होता, हे ठरवू नकोस. तिने मोजली ती फक्त अनिश्चितता.

आता त्याचं ते वाक्य. 'मी आत्ता तसा विचार करत नाहीये.' यातला कुठला शब्द तुझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आला असेल, हे मी न बघता सांगते: 'आत्ता'.

हा शब्द मीसुद्धा वापरला आहे, म्हणून सांगते. पंचविशीत एकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, 'आत्ता माझ्या डोक्यात खूप गोंधळ आहे.' माझ्या मते मी दार लावलं होतं, फक्त आवाज न करता. दोन वर्षांनी कळलं की तो माझा गोंधळ संपायची वाट बघत थांबला होता. मला त्याचा राग आला आणि स्वतःची शरम वाटली. दोन्ही एकाच वेळी, आणि राग जास्त, हे कबूल करते. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अशाच दोन्ही बाजूंच्या कहाण्या लोकांकडून लिहून घेतल्या होत्या. ज्यांनी प्रेम केलं, ते म्हणत होते की समोरून आशा दाखवली गेली. ज्यांनी नकार दिला, त्यांना आपण स्पष्ट सांगितलं होतं असं आठवत होतं. नकार देणाऱ्यांची आणखी एक अडचण दिसली. प्रेम करणाऱ्याने कसं वागायचं, याचे हजार नमुने गोष्टींमधून मिळतात. चांगुलपणा शाबूत ठेवून नाही कसं म्हणायचं, याचा एकही नमुना हाताशी नसतो. मग माणूस 'आत्ता'च्या आड लपतो.

याने तो निर्दोष ठरत नाही. तू विचारल्यानंतर तुझ्या मनात काय आहे, हे त्याला माहीत होतं. तरी रात्रीचे मेसेज चालू राहिले. आपण कुणाला तरी आवडतो, ही ऊब सोडवत नाही. बहुधा एवढंच होतं त्यात. दुष्टपणा नाही, पण बेपर्वाई नक्कीच.

आता वह्यांकडे येऊ. लिहून त्रास वाढतो, ही तुझी तक्रार खोटी नाही. नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर 2013 मध्ये झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. जे आधीच 'असं का झालं' याच्या मागे दिवसरात्र लागले होते, त्यांना मन मोकळं करणाऱ्या लेखनाने फायदा झाला नाही. दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिणारे त्यांच्यातले लोक काही महिन्यांनी जास्त बरे होते. म्हणजे तुझी डायरी हे औषध राहिलं नाही, ती वाट बघण्याची दुसरी जागा झाली आहे. तिथेही तू त्याच्या मेसेजचीच वाट बघतेस, फक्त पेन हातात घेऊन.

दुसरीकडे, लिहिण्याने बरं वाटतं हेही खरं आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या सगळ्यात कठीण प्रसंगावर लिहायला लावलं. रोज 15 मिनिटं, सलग चार दिवस, आणि मग बंद. पुढे अशा लेखनातले शब्द मोजले गेले. ज्यांना फायदा झाला, त्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळतं' अशा शब्दांची भर पडत गेली. 'मी'वरून दुसऱ्यांकडे आणि परत 'मी'कडे अशी त्यांची नजरही फिरत होती. तू पाठवलेलं वाक्य मात्र प्रश्नचिन्हावर संपतं, आणि माझी पैज आहे की बहुतेक पानं तशीच संपत असतील.

तर एक रात्र निवड. पहिला 'पोचलीस का?' आला ती. चार दिवस, 15 मिनिटांचा गजर लावून, दिवसाउजेडी लिही. पहिल्या दिवशी फक्त घडलेलं, आणि तेही तिसऱ्या कुणाबद्दल लिहिल्यासारखं: 'त्या दिवशी काम नऊपर्यंत चाललं. ती दहाला घरी पोचली. 11:32 ला फोन वाजला. दोन शब्द होते. तिने चार वाक्यांचं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. समोरून एक अंगठा आला.' एवढंच. त्या रात्री उशिरा निघालेल्या इतरांनाही त्याने विचारलं होतं का, हे तुला माहीत असेल तर तेही लिही. दुसऱ्या दिवशी, त्या दोन शब्दांवर तिने काय काय चढवलं ते लिही. तिसरा दिवस त्याच्या बाजूने. तो नायक नको, खलनायक नको, बिछान्यात पडून फोन चाळणारा एक दमलेला माणूस एवढाच ठेव. हा दिवस सगळ्यात अवघड जातो. चौथ्या दिवशी 'मी'कडे परत ये आणि प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'कारण' येऊ दे.

मधेच रडू फुटलं तर चालेल. पण चार दिवसांनंतरही पानं प्रश्नचिन्हावरच संपत असतील, किंवा झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, तर वही मिटव आणि समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी जा.

तीन वह्या फाडू नकोस, वाचूही नकोस. बांधून वर ठेव. वर्षभराने पहिली काढ आणि वेगळ्या रंगाच्या शाईने फक्त समासात लिही.

मी हे माझ्या एका जुन्या वहीवर केलं होतं. ज्याने माझ्यासाठी वाट बघितली त्याच्यावरची नाही ती. ज्याची वाट मी बघितली, त्याच्यावरची. जवळजवळ दोनशे पानं होती. त्याच्या हसण्यावर सलग चार पानं, निळ्या शर्टावर दीड. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर समासात हिरव्या शाईने मी एकच ओळ लिहू शकले: 'याला भावंडं किती होती?'

– तुझी ताई