बबलवर एके फोल्ड? आयसीएमचं गणित

> पोकर टूर्नामेंटमध्ये चार जण उरले होते, पैसे तिघांना, म्हणजे बबल, बक्षिसं ५०/३०/२० टक्के. चिपलीडरकडे ४०००, माझ्याकडे ३०००, बाकी दोघांकडे २५०० आणि ५००. ब्लाइंड ५०/१००. चिपलीडर स्मॉल ब्लाइंडवरनं पत्ते न बघता ऑलइन मारत होता, मला बिग ब्लाइंडला एके ऑफसूट, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा आले, कॉल केला, हरलो. मित्र म्हणतोय फोल्डच होता. ६५ टक्के वेळा जिंकणारा हात फोल्ड कसा काय?

मित्र बरोबर बोलतोय, आणि हे थोडक्यातलं नाहीये, चांगलं लांबचं फोल्ड आहे.

कॅश गेममध्ये हा कॉल डोळे झाकून. तिथं चिप म्हणजेच पैसा, ५० टक्क्यांच्या वर असलात की झालं. टूर्नामेंटमध्ये मात्र सगळ्या चिप्स गोळा केल्या तरी मिळणार ५० टक्केच, उरलेले ५० आधी बाहेर पडलेल्यांना वाटले जातात. म्हणजे जसजशा जास्त चिप्स येतील तसतशी पुढच्या चिपची किंमत घसरत जाते, आणि हातातली शेवटची चिप सगळ्यात महाग.

आता आयसीएम, म्हणजे चिप्सची बक्षिसात किंमत काढायची पद्धत, हे आकड्यात कसं बसवतं ते बघा. पहिला येण्याची शक्यता म्हणजे सरळ तुमचा चिप्समधला वाटा, तुमच्या बाबतीत ३० टक्के. दुसऱ्या नंबरासाठी जो पहिला आला असं धरलंय त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यात परत वाटा बघायचा. चिपलीडर पहिला आला (४० टक्के) तर मागे ६००० उरतात, त्यात तुमचे ३०००, म्हणजे निम्मी शक्यता, तर या एका वाटेनं २० टक्के. असंच २५०० वाला पहिला आला तर, ५०० वाला आला तर, मग तिसऱ्या नंबरासाठी पुन्हा तेच. (ही पद्धत मुळात घोड्यांच्या शर्यतीची, हार्विलनं १९७३ साली मांडलेली, पोकरमध्ये नंतर मॅल्मथनं आणली.) शेवटी प्रत्येक नंबराची शक्यता गुणिले त्याचं बक्षीस, आणि बेरीज.

ब्लाइंड सोडून तुमच्या ३००० ची किंमत निघते एकूण बक्षिसाच्या ३०.५ टक्के. कॉल करून जिंकलात तर ६००० होतात, त्याची किंमत ६१ येईल असं वाटतं ना, येते ४०.७. म्हणजे पहिले तीन हजार साडेतीसचे आणि नंतरचे तीन हजार जेमतेम दहाचे! हरलात तर शून्य, कारण चौथ्याला काही नाही. म्हणून कॉल बरोबरीत यायलाच ३०.५ भागिले ४०.७, साधारण ७५ टक्के जिंकायला हवं. तुमचा बिग ब्लाइंड आधीच पॉटमध्ये पडलाय म्हणून एकदीड टक्का खाली आणा हवं तर, ६५ काही होत नाही. कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध टेन टेन साधारण ७५ टक्के जिंकतात, म्हणजे समोरचा आंधळा खेळत असताना सुद्धा पेअर्समध्ये तुमची कॉलिंग रेंज जवळपास तिथंच संपते.

एकेनं कॉल केल्यावर तुमची सरासरी ३०.५ वरनं २६.५ वर येते, चार टक्के गेले, म्हणजे तिसऱ्या बक्षिसाचा पाचवा हिस्सा. गंमत अशी की हे चार चिपलीडरला मिळत नाहीत, उलट तुम्ही एकेनं कॉल केलात की त्याचे अजून जास्त जातात, साधारण साडेसहा. दोघांचे मिळून हे साडेदहा टक्के जातात कुठं, तर नुसत्या बसून राहिलेल्या त्या दोघांकडे. म्हणजे त्याचं ते आंधळं शोव्ह तुम्ही फोल्ड कराल या भरवशावरच चाललंय, आणि तो भरवसा बरोबर आहे कारण तो तुम्हाला बाहेर काढू शकतो, तुम्ही त्याला नाही, हरला तरी त्याच्याकडे हजार राहतात.

आणि या सगळ्यात ५०० वाला फार महत्त्वाचा. चौघंही २५००-२५०० वर असते तर बरोबरीत यायला लागणारा आकडा ७५ ऐवजी ६५ आला असता, एके अगदी काठावर. पाच ब्लाइंडवाला कोणीतरी तुमच्याआधी जाण्याची दाट शक्यता असताना आपण आधी जाणं महाग पडतं, म्हणून आकडा दहानं वर गेला.

आयसीएमला काय दिसत नाही तेही सांगतो. पुढचा बिग ब्लाइंड कोणावर येणार हे त्याला कळत नाही, तो ५०० वाल्यावर येत असेल तर तुमचं फोल्ड अजून पक्कं. कोण चांगलं खेळतं हेही नाही, सगळे सारखेच धरतं. आणि दोघंच उरले की हे सगळं गायब, तिथं दुसरं बक्षीस दोघांचं पक्कं झालेलं असतं, भांडण फक्त फरकासाठी, चिप परत सरळ पैशासारखी वागते.

यावरनं बबलवर सगळंच फोल्ड करायचं असं मात्र नका धरू. तेच एके, पण ऑलइन त्या ५०० वाल्यानं मारलं असतं तर लगेच कॉल, हरलात तरी २५०० घेऊन बसलेले असता आणि जिंकलात तर बबलच फुटतो.